घटनेचा अहवाल : छोट्या शिशूतील मुलगी अनधिकृत व्यक्तीच्या ताब्यात दिली गेल्याबाबत

ठाणे (प.), २१ नोव्हेंबर २०२५

प्रति,
कार्यवाह व शाळा समिती सदस्य
प्रत : मुलीचे पालक, सखी सावित्री समिती

गुरुवार, २० नोव्हेंबर रोजी शाळा सुटताना छोट्या शिशूतील चार वर्षांची एक मुलगी, पालकांनी ज्यांना जूनमध्येच बंद केले होते त्या रिक्षाकाकांसोबत गेली. पंचवीस मिनिटे ती कुठे आहे हे ना शाळेला माहीत होते, ना घरच्यांना. मुलगी सुखरूप आहे. अहवाल अनेकांच्या हाती जाणार असल्याने तिचे नाव लिहिलेले नाही. हजेरीपटात तिचा क्रमांक १७ आहे.

दारावरच्या कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते, हे आम्हाला काल कळले. खालच्या वेळा दुरुस्त करून दिल्या आहेत.

१२ वाजता शाळा सुटली. १२.०४ ला संबंधित रिक्षाकाका दाराशी आले. मुलीच्याच सोसायटीतला मोठ्या शिशूतला एक मुलगा ते अजूनही नेतात, त्यामुळे त्यांच्या येण्यात वावगे काही नव्हते. त्यांना पाहून मुलगी सवयीने रांग सोडून पुढे गेली. दारावरच्या मावशींनी कार्ड मागितले. काकांनी दोन कार्डे दाखवली, एक त्या मुलाचे आणि एक हिचे. वहीत सही मात्र एकच आहे, मुलापुढची. १२.०६ ला रिक्षा निघाली.

मुलीची आजी १२.०९ ला पोहोचली. पाचपाखाडीहून येताना त्यांची रिक्षा हरिनिवास सर्कलला अडकली होती. 'ती कुठे आहे?' असे त्यांनी विचारल्यावर आम्ही वर्ग, स्वच्छतागृह, वाळूचा हौद आणि वरचा मजला पाहिला. यात नऊ मिनिटे गेली. आधी वही आणि कॅमेरा पाहायला हवा होता. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला. १२.१८ ला चित्रण पाहिले, १२.१९ ला आईला फोन केला, १२.२३ ला ११२ वर कळवले. आईने शेजाऱ्यांना फोन केला, १२.३१ ला मुलगी सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसलेली सापडली. काका तिला गेटवर उतरवून गेले होते, वर घरी कुणी आहे की नाही हे न पाहता.

काकांचे म्हणणे असे : आजी दिसल्या नाहीत, पोर स्वतःहून आली, जाता जाता सोडले. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला आहे. त्यांच्या हेतूबद्दल शाळा मत देणार नाही. परवानगी नव्हती, एवढे शाळेच्या दृष्टीने पुरेसे आहे.

आता कार्डाविषयी. पालकांनी १८ जून रोजी वर्गताईंना व्हॉट्सॲपवर लिहिले होते : 'उद्यापासून रिक्षा बंद, आजी येतील.' कारणही दिले होते; काका गाडी चालवताना फोनवर बोलतात. ताईंनी अंगठ्याची खूण पाठवली. निरोप कार्यालयाच्या वहीत चढला नाही, दारावरच्या यादीत काकांचे नाव तसेच राहिले आणि जुने कार्ड परत मागण्याचे कुणालाही सुचले नाही. आजींना नवे कार्ड दिले, जुने काकांच्या खिशात राहिले. म्हणजे एकाच मुलीची दोन कार्डे पाच महिने चालू होती.

काल काही पालकांनी मावशींना काढून टाकण्याची मागणी केली. मला ती मान्य नाही. सही न घेणे ही त्यांची चूक आहे आणि त्याबद्दल त्यांना लेखी समज दिली आहे. पण कार्ड पाहून मूल सोडा, असे त्यांना आम्हीच सांगितले होते. कार्डही खरे होते आणि यादीत नावही होते. यादी सांभाळणे माझ्या कार्यालयाचे काम आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना आपल्याच जिल्ह्यात घडली. त्यानंतर आपण कॅमेरे बसवले, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घेतली, समिती नेमली. कार्डांच्या डब्याकडे कुणी वळून पाहिले नाही.

आजपासून सगळी ८४ कार्डे रद्द केली आहेत. सोमवारी नवी मिळतील. नेणाऱ्याचा फोटो असेल आणि जुने जमा केल्याशिवाय नवे मिळणार नाही. तोपर्यंत मूल फक्त आई किंवा वडिलांच्या हाती दिले जाईल. दुसऱ्या कुणाला पाठवायचे असल्यास प्रवेशअर्जात दिलेल्या क्रमांकावर आम्ही स्वतः फोन करून खात्री करू. आलेल्या फोनवर किंवा वर्गाच्या ग्रुपवरच्या निरोपावर मूल सोडले जाणार नाही. नोकरदार पालकांची यात ओढाताण होईल. तीन दिवस सोसावी, ही विनंती.

मुलीला कुणीही खोदून प्रश्न विचारू नयेत, असे सर्व ताईंना सांगितले आहे. आज ती शाळेत आली होती. 'रिक्षाकाका रागावले का माझ्यावर?' एवढेच तिने डबा खाताना ताईंना विचारले. ताई 'नाही' म्हणाल्या आणि तिला उरलेली पोळी भरवली.

चित्रणाची प्रत नौपाडा पोलीस ठाण्यात दिली आहे. मूळ चित्रण पुसले जाऊ नये म्हणून यंत्र काढून कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवले आहे. किल्ली कार्यवाहांकडे सोपवत आहे. त्यामुळे नवे यंत्र बसेपर्यंत दारावर कॅमेरा नसेल. सुटण्याच्या वेळी मी स्वतः तिथे उभी राहीन.

मुख्याध्यापिका, बालविभाग