मागं राहिलो तर?
(रनिंग क्लबच्या नवीन सभासदांसाठी प्रोमो व्हिडिओ, अंदाजे अडीच मिनिटे)

दृश्य: पहाटे पावणेसहा, रंकाळा चौपाटी. लोक बुटांच्या नाड्या बांधतायत. पंचेचाळिशीच्या एक ताई जरा लांबच थांबल्यात.

ताई: मला शंभर मीटरात दम लागतो ओ. तुमच्यात मी कुठली टिकतिया?

कोच: पळून दाखवा जरा. (ताई पळतात. कॅमेरा सोबत.) बघा, सुरुवातच जोरात केलीसा. नवीन माणसाचा दम बहुतेक वेळा इथंच जातो. आता इतकं हळू पळा की माझ्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे.

ताई: ह्यापेक्षा चालणारी माणसं पुढं जातील की!

कोच: जाऊ देत की.

दृश्य: कोचच्या हातात घड्याळ. पडद्यावर आकडे उमटतात.

निवेदन: पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. ५ मिनिटं चालणं. मग १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. शेवटी पुन्हा ५ मिनिटं चालणं. झाली ३४ मिनिटं. दम लागायच्या आधीच चालायला लागायचं. दम लागल्यावर चाललं तर पुढचा मिनिट जड जातो.

दृश्य: नडगी चोळणारा एक तरुण, बाकावर.

निवेदन: हा जोमातला गडी. पंधरा दिवसांत दम वाढला, म्हणून अंतर दुप्पट केलं. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. म्हणून नडगी दुखते. पळताना दुखणं वाढत असेल तर त्या दिवशी थांबायचं, स्प्रे मारून पळायचं नाही.

दृश्य: रांगेतला शेवटचा माणूस, अंगात केशरी जाकीट.

कोच: हा आमचा स्वीपर. सगळ्यात शेवटच्या माणसाच्याही मागं हाच. तो पोचल्याशिवाय आम्ही कुणी चहाला जात नाही.

ताई: आणि मॅरेथॉन?

कोच: ४२.१९५ किलोमीटर. किलोमीटरला साडेआठ मिनिटं धरली तरी सहा तासांच्या आत. पण ते लांबचं. आधी सलग ५, मग १०, मग २१. नाव घालण्याआधी त्या स्पर्धेची वेळमर्यादा तेवढी बघायची, प्रत्येकीची वेगळी असते.

पडद्यावर मजकूर:
मंगळवार, गुरुवार, रविवार. पहाटे ५.४५, रंकाळा चौपाटी. पहिले दोन आठवडे मोफत.
बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नवे बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.
बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
येण्याआधी अर्धा तास अर्धं केळं. मिसळ नंतर.