विक्री टीमसाठी ब्रीफिंग: साठा-नोंदणी अ‍ॅपचं लाँच

सोमवारपासून आपलं साठा-नोंदणी अ‍ॅप विक्रीला खुलं होतंय. पहिल्या कॉलआधी हे वाचून घ्या.

मांडणी: "सगळं करणारं सॉफ्टवेअर" म्हणून विकू नका. आपलं बळ एकाच गोष्टीत आहे: माल आला की मोबाइलवर बारकोड स्कॅन करायचा, नेट नसलं तरी नोंद होते आणि नेट आलं की आपोआप जुळते. डेमोत फोन एअरप्लेन मोडवर टाकून हे दाखवाच.

ग्राहक: दोन ते दहा गोदामं असलेले, एक्सेलवर हिशोब ठेवणारे वितरक. सही मालक करतो, पण गोदाम सांभाळणाऱ्याला पटलं नाही तर व्यवहार अडतो. त्याला पहिल्याच भेटीत सोबत घ्या. उत्पादकांच्या मागे सध्या लागू नका. कच्च्या मालाचा हिशोब आपल्याकडे नाही.

आक्षेप: "एक्सेलवर चाललंय की" हे हमखास येणार. वाद घालू नका. विचारा, "मागच्या मोजणीत कागदावरचा आणि प्रत्यक्ष साठा जुळला होता का?" आणि थांबा. तफावत त्यांच्याच तोंडून यायला हवी. "माणसं वापरणार नाहीत" म्हणाले, तर एका गोदामात 30 दिवसांची मोफत चाचणी द्या. जुना डेटा आपली टीम चढवून देते.

दर: गोदामामागे, वापरणाऱ्यांमागे नाही, हे ठासून सांगा. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दोन महिने मोफत. 10 टक्क्यांपर्यंत सूट तुमच्या अधिकारात. त्यापुढे शब्द देण्याआधी मला फोन करा.