माइक बंद, लॉन चालू

स्टेज शोधू नका, या फोटोत ते नाहीच. मधेच माइक बंद पडला अन् अख्खं लॉन स्वतःच गायला लागलं, तो हा क्षण. नागपूरची डिसेंबरची थंडी, पण स्वेटर सगळ्यांचे कमरेला! डावीकडच्या काकू बघा: एका हातात सँडल, दुसऱ्या हातानं अनोळखी पोरीचा हात उंच धरलेला. मागं बाबांच्या खांद्यावर कानटोपीवालं पोट्टं, आवाज सगळ्यात मोठा त्याचाच. बेसूर? होतोच ना बाप्पा, मनसोक्त! अंतऱ्याचे शब्द निम्म्यांना येत नव्हते, तिथं नुसतं ‘ला ला’ चाललं होतं. सकाळी गळे इतके बसले की तर्री-पोहे खुणेनंच मागवले. तुम्ही कुठं दिसता? टॅग करा.

#नागपूर #आपलीपब्लिक