पाठ टाचण: पूल ढकला, पूल ताणा, न वळणारा बाण शोधा

वर्ग: बी.एस्सी. भाग २, गणित (ट्यूटोरियल बॅच), सांगली
वेळ: ६० मिनिटे
आधी येत असलेले: २×२ मॅट्रिक्सने व्हेक्टरला गुणणे, डिटर्मिनंट
साहित्य: आलेख कागद, पट्टी, दोन रंगांची पेनं, जर्नलांचा गठ्ठा

तास घेणाऱ्यासाठी एकच अट: पहिली ४० मिनिटे फळ्यावर det(A − λI) लिहायचे नाही. पोरांना आयगेन व्हॅल्यूचे ते समीकरण सोडवता येते, पण उत्तर कशाचे आले हे विचारले की गप्प बसतात. म्हणून आधी चित्र.

चित्र (५ मिनिटे)
आयर्विन पूल सगळ्यांनी पाहिलेला आहे. आलेख कागदावर तो अगदी साधा काढायला सांगा. X-अक्ष म्हणजे कृष्णेचे पाणी. (0,0), (2,0), (4,0) वर दोन एकक उंचीचे खांब, आणि वर (0,2) पासून (4,2) पर्यंत रस्ता. कमानी काढत बसू देऊ नका, वेळ जातो.

शिअर (१५ मिनिटे)
जर्नलांचा गठ्ठा टेबलावर ठेवून कडेवर खडूने उभी रेघ ओढा आणि वरून हाताने सरकवा. रेघ तिरकी होते, प्रत्येक जर्नल आडवेच राहते. आता तेच आकड्यांत:

S = [[1, 1], [0, 1]]

प्रत्येकाने पुलाचे बिंदू गुणून दुसऱ्या रंगाने नवा पूल काढायचा. (0,2) जातो (2,2) वर, म्हणजे खांब ४५ अंशांत कलला.

प्रश्न: कोणत्या दिशेचा बाण वळला नाही?

इथे हमखास कुणीतरी म्हणेल, "सर, रस्ता तर उजवीकडे सरकला!" घाईने पुढे जाऊ नका, इथेच थांबा. बिंदू (0,2) हा मूळबिंदूपासूनचा बाण म्हणून वळला, पण रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा बाण (4,0) होता आणि (4,0) च राहिला. आपण जागा पाहत नाही, दिशा पाहतो. हा फरक वहीत लिहून घ्यायला लावा.

मग विचारा, आणखी एखादी दिशा? (x,1) जातो (x+1,1) वर. पाण्याच्या वरचा प्रत्येक बाण उजवीकडेच वळतो, म्हणून दुसरी दिशा नाही.

स्केलिंग (८ मिनिटे)
D = [[2, 0], [0, 1]]. रस्ता दुप्पट, खांब जसेच्या तसे. कर्णाचा बाण (2,2) मात्र (4,2) होतो, वळला. आता व्याख्या सांगा: v शून्य नसताना Av = λv, तर v हा आयगेन व्हेक्टर आणि λ ही आयगेन व्हॅल्यू. इथे आडव्या दिशेला λ = 2, उभ्या दिशेला λ = 1.

पाण्यातले पुलाचे प्रतिबिंब, [[1, 0], [0, −1]], तोंडीच विचारा. खांब उलटा झाला, तरी रेषा तीच, म्हणून λ = −1. "उलटा झाला म्हणजे दिशा बदलली" असा वाद होऊ द्या. व्याख्येतला λ ऋण चालतो का, हे त्यांनीच वाचून सांगावे.

दोन्ही एकत्र (१५ मिनिटे, तासाचा गाभा)
आधी शिअर, मग स्केलिंग: A = DS = [[2, 2], [0, 1]].

आडवी दिशा टिकणार हे लगेच सांगतील. खांब तर पडलाच: (0,2) गेला (4,2) वर. दुसरी दिशा नाहीच, असे बहुतेकांना वाटेल. उत्तर देऊ नका, दोन बाण द्या:

(−1,1) → (0,1)
(−3,1) → (−4,1)

पहिला उजवीकडे वळला, दुसरा डावीकडे. मग मधे कुठेतरी न वळणारा असलाच पाहिजे. शोधू द्या. (−2,1) सापडतो, आणि तो जागचा हलतही नाही, λ = 1. पुलात ना खांब त्या दिशेचा, ना रस्ता. चित्रात न काढलेली ही रेषा पोरांनी स्वतः ओढली, की तास वसूल.

आता समीकरण (१२ मिनिटे)
(A − λI)v = 0 ला शून्येतर उत्तर हवे, म्हणून डिटर्मिनंट शून्य: (2 − λ)(1 − λ) = 0. मग S साठी: (1 − λ)² = 0, मूळ दोनदा, दिशा एकच.

उरलेली ५ मिनिटे
लॅपटॉप असेल तर:

```python
import numpy as np
print(np.linalg.eig([[1, 1], [0, 1]]))
```

दोन व्हेक्टर छापले जातात, पण दुसऱ्याचा खालचा घटक 10⁻¹⁶ च्या घरातला, म्हणजे पूर्णांकनाचा कचरा. रेषा एकच. प्रात्यक्षिकात "दोन आले" लिहिणाऱ्याचे गुण कापा.

घरी
१. क्रम उलटा करा, SD. आयगेन व्हॅल्यू बदलतात का? न वळणारी दुसरी दिशा कोणती? (तपासायला: व्हॅल्यू त्याच, दिशा (−1,1).)
२. पूल ९० अंशांत फिरवला तर न वळणारा बाण उरतो का? चित्राने सांगा, मग समीकरणाने.