ताबा व अंतःकालीन लाभांसाठी दावा

बेळगाव येथील मा. दिवाणी न्यायाधीश यांच्या न्यायालयात

वादी सविनय निवेदन करते की, शहापुरातील वडिलोपार्जित घराची रस्त्याकडील खोली शिलाईकामासाठी वापरण्याची 11 महिन्यांची लेखी परवानगी तिने प्रतिवादीस दरमहा 6,000 रुपयांवर दिली होती. भाडेकरूचा हक्क कधीच दिला नव्हता. भारतीय सुखाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 62 नुसार ती परवानगी मुदतीअंती, 31 मार्च 2024 रोजी संपली. सामान हलवण्यास नोटिशीने महिनाभर देऊनही प्रतिवादीने उलट कुलूप बदलले, आणि वादीला स्वतःच्याच ओसरीतून परतावे लागले. म्हणून ताबा, तसेच 1 मे 2024 पासून ताबा मिळेपर्यंत दरमहा 9,000 रुपये, अथवा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 12 खालील चौकशीत ठरेल त्या दराने, अंतःकालीन लाभ व खर्च देवविण्यात यावा.