रविवारच्या बिल्डर कॉलमध्ये काय ठरलं: तारखा, बाकी कामं आणि पैशांच्या मागण्या (ए आणि बी विंग)

नमस्कार मंडळी, काल 9 नोव्हेंबरला सकाळी 11 ला सुरू झालेला कॉल पावणेएकला संपला. बऱ्याच जणांना जॉइन होता आलं नाही आणि जे होते त्यांनाही मधे आवाज तुटत होता, म्हणून वहीत जे टिपलं ते सगळं एकत्र टाकतेय. बी-1103 च्या काकांनीही नोट्स काढल्या होत्या, त्यांच्याशी रात्री फोनवर ताडून घेतलंय. जिथे आमच्या दोघांच्या ऐकण्यात फरक पडला तिथे तसं लिहिलंय. लांब आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, विशेषतः ज्यांना शुक्रवारी डिमांड लेटर आलंय त्यांनी.

बिल्डरकडून तिघं होते, प्रोजेक्ट मॅनेजर, सीआरएमच्या मॅडम आणि अकाउंट्सचे एक जण. मालक येणार असं सांगितलं होतं, ते आले नाहीत.

*तारखा*

बी विंगला 15 डिसेंबरपासून "फिट-आउट पझेशन" देणार म्हणाले. म्हणजे चावी घ्या, फर्निचरचं काम सुरू करा, राहायला मात्र ओसी आल्यावर या. ओसीसाठी महापालिकेत अर्ज 30 नोव्हेंबरपर्यंत टाकणार आणि ओसी 31 जानेवारी 2026 पर्यंत हातात येईल असं म्हणाले. ए विंगसाठी 31 मार्च 2026 हे पझेशन, आणि ओसीचं विचारलं तर "त्याच सुमारास".

यातली पक्की तारीख कोणती असं मी स्पष्ट विचारलं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले की 30 नोव्हेंबरचा अर्ज आमच्या हातात आहे, तो नक्की जाईल, बाकी सगळं महापालिकेवर आणि फायरच्या फायनल एनओसीवर. त्यामुळे माझ्या मते कालच्या कॉलमधून धरून ठेवण्यासारखी तारीख एकच, 30 नोव्हेंबर. 1 डिसेंबरला अर्जाची पोच दाखवा असं सांगितलंय, मॅडम हो म्हणाल्यात. (काकांच्या मते त्या "बघते" म्हणाल्या. म्हणून हे ईमेलमध्येही लिहिलंय.)

आता हे लक्षात ठेवा, आपल्या ॲग्रीमेंटमध्ये पझेशनची तारीख 31 डिसेंबर 2024 आहे. त्यानंतर तोंडी गुढीपाडवा झाला, मग दसरा झाला, आणि रेराच्या साइटवर त्यांनी प्रोजेक्टची मुदत वाढवून घेतली ती वेगळीच. कॉलमध्ये तीनदा ऐकवलं की "रेराने आम्हाला एक्स्टेंशन दिलंय त्यामुळे डिले नाहीये". हे बरोबर नाही. रेराने प्रोजेक्टची मुदत वाढवली म्हणून आपल्या ॲग्रीमेंटमधली तारीख बदलत नाही, मुंबई हायकोर्टाने 2017 मध्येच हे स्पष्ट केलंय. उशिराचं व्याज ॲग्रीमेंटच्या तारखेपासूनच मोजलं जातं.

*फिट-आउट पझेशनबद्दल*

ए-402 च्या ताईंची परिस्थिती सगळ्यांना माहितीये, भाडं 19 हजार आणि वर हप्ता 41 हजार, आणि अशी आपल्यात कमीत कमी वीस घरं असतील. चावी मिळतेय म्हटल्यावर हात पुढे होणारच, मी समजू शकते, आम्हीही तेच भोगतोय. पण ओसीशिवायचं पझेशन हे कायद्याने पझेशन नाही, आणि त्यासोबत जो कागद सही करायला देणार आहेत तो बघा. मॅडमनी तो स्क्रीनवर जेमतेम अर्धा मिनिट दाखवला, त्यात एक ओळ अशी होती की फ्लॅट समाधानकारक स्थितीत ताब्यात घेतला आणि उशिराबाबत कोणताही क्लेम करणार नाही. त्या बदल्यात क्लबहाउस चार्जेस 60 हजार माफ. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे जितका पैसा आपण भरलाय त्यावर दर महिन्याचं व्याज पझेशन मिळेपर्यंत आपलं येणं आहे, आणि 50 लाखाच्या वर भरलेल्या माणसाचं दहा-अकरा महिन्यांचं व्याज 60 हजारांच्या कितीतरी पुढे जातं. सही करायच्या आधी निदान ड्राफ्ट मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. ड्राफ्ट ग्रुपला पाठवा म्हटलं तर "ज्याला त्याला वैयक्तिक देऊ" असं उत्तर आलं.

*बाकी काम*

बी विंगमध्ये दोन लिफ्टपैकी एक चालू आहे, तीही लेबर मटेरियल नेतंय. दुसऱ्या लिफ्टचं "इन्स्टॉलेशन 80 टक्के" सांगितलं. मी आणि हे शनिवारी साइटवर जाऊन आलो. दुसऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात घोट्याएवढं पाणी होतं, वरून बघितलं तर नुसता शाफ्ट, रेलसुद्धा चौथ्या मजल्यापर्यंतच दिसले. फोटो टाकलेत वर. हे कॉलवर सांगितल्यावर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले की मटेरियल गोडाउनला आलंय, 5 डिसेंबरपर्यंत बसेल. त्यानंतर लिफ्ट इन्स्पेक्टरचं लायसन्स, त्याची तारीख दिली नाही.

फायरचे पंप बसलेत पण पॅनलची जोडणी बाकी. एसटीपी टँक तयार, मशिनरी 20 नोव्हेंबरला येणार. महापालिकेच्या पाण्याचं कनेक्शन ओसीनंतरच, तोपर्यंत टँकर, आणि टँकरचा खर्च कोणाचा या प्रश्नावर दोन मिनिटं शांतता होती, मग "मेंटेनन्समधून" म्हणाले. म्हणजे आपलाच. महावितरणचे मीटर ट्रान्सफॉर्मर चार्ज झाल्यावर, डिसेंबर अखेर. पोडियमचं वॉटरप्रूफिंग चालू आहे. लॉबी, गेट, आतला रस्ता हे सगळं जानेवारी. ए विंगला बाहेरचं प्लास्टर दोन बाजूंनी बाकी आणि वरच्या तीन मजल्यांना टाइल्सच नाहीत, त्यामुळे 31 मार्च मला तरी अवघड वाटतंय.

फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याने बघायला हवं. आमच्या 704 मध्ये ड्राय बाल्कनीत एक बादली पाणी ओतून बघितलं तर पाणी जाळीकडे जायच्याऐवजी सरळ किचनच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं, तिथला उतारच उलटा झालाय. सुपरवायझर म्हणाला ग्राउट मारून देतो. ग्राउटने उतार बदलत नाही, टाइल काढून परत बसवावी लागेल, हे मी स्नॅग लिस्टमध्ये लिहून त्याची सही घेतलीये. तुम्हीही जाताना एक बादली, मोबाइल चार्जर (सगळे प्लग पॉइंट तपासायला) आणि टेप घेऊन जा. कार्पेट एरिया मोजा, 3 टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर तो प्रश्न वेगळा. पझेशननंतर 5 वर्षं स्ट्रक्चर आणि कामातले दोष त्यांनी फुकट दुरुस्त करून द्यायचेत, पण आत्ता निस्तरलं तर राहायला गेल्यावर फोडाफोडी नाही.

*पैसे*

शुक्रवारच्या लेटरमध्ये त्यांनी दोन टप्पे एकत्र मागितलेत, 85 ते 95 टक्क्यांचा आणि शेवटचा 5 टक्क्यांचा, आणि भरायची मुदत 25 नोव्हेंबर. आमचं उदाहरण देते, ॲग्रीमेंट व्हॅल्यू 62 लाख आहे. 10 टक्के म्हणजे 6,20,000, त्यावर 5 टक्के जीएसटी 31,000, एकूण 6,51,000. शेवटचे 5 टक्के 3,10,000 अधिक जीएसटी 15,500, एकूण 3,25,500. वर दोन वर्षांचा मेंटेनन्स ॲडव्हान्स, 720 चौरस फुटाला साडेचार रुपयांनी 77,760 आणि त्यावर त्यांनी 18 टक्के जीएसटी लावलाय, 91,757. शिवाय "इन्फ्रास्ट्रक्चर आणि महावितरण चार्जेस" 1,25,000. सगळं मिळून जवळजवळ 12 लाख, पंधरा दिवसांत.

ॲग्रीमेंटमधलं पेमेंट शेड्यूल काढून बघा. 95 टक्क्यांचा टप्पा लिफ्ट, पंप, इलेक्ट्रिक फिटिंग, एन्ट्रन्स लॉबी, पेव्हिंग हे झाल्यावर. त्यातलं काय झालंय ते वर लिहिलंच आहे. शेवटचे 5 टक्के ओसी आल्यावर पझेशनच्या वेळी. हे मी कॉलमध्ये वाचून दाखवलं, अकाउंट्सचे म्हणाले "सगळ्या प्रोजेक्टला आम्ही असंच घेतो". शेवटी इतकं मान्य केलं की 5 टक्के ओसीपर्यंत थांबवता येतील आणि सुधारित लेटर बुधवारी 12 तारखेला पाठवतील. 95 च्या टप्प्यावर मात्र अडून आहेत.

उशीर झाला तर 18 टक्के व्याज लावू असंही ऐकवलं. तसं चालत नाही. रेरामध्ये आपल्याला द्यायचं आणि आपल्याकडून घ्यायचं व्याज एकाच दराने, महाराष्ट्रात स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर अधिक 2 टक्के.

पण म्हणून लेटर आलंय ते उत्तर न देता ठेवू नका, गप्प बसलो तर डिफॉल्ट आपला दिसतो. लेखी कळवा की टप्प्याचं काम पूर्ण झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला द्या, मिळाला की ठरलेल्या मुदतीत भरतो. ज्यांचं लोन आहे त्यांच्या बँकेलाही तो दाखला लागतोच. 1,25,000 ची फोड मागा, ॲग्रीमेंटमध्ये हा आकडा कुठे आहे ते पान नंबरसकट विचारा, मला तरी माझ्यात सापडला नाही. मेंटेनन्स 15 डिसेंबरपासून सुरू होणार म्हणतात, ओसीच नसताना फ्लॅट वापरायला तयार आहे असं ते लिहून देऊ शकत नाहीत, तर मेंटेनन्स कसला?

दोन छोट्या गोष्टी. ओसीनंतर भरलं तर जीएसटी वाचेल का असं कोणी तरी विचारत होतं, नाही, आपलं बुकिंग ओसीच्या आधीचं आहे त्यामुळे सगळ्या हप्त्यांवर लागणार. आणि 50 लाख किंवा वरच्या फ्लॅटवाल्यांनी 1 टक्का टीडीएस कापूनच भरा, 6,20,000 वर 6,200, बिल्डरला 6,44,800 जाणार. मागच्या वेळी दोघांनी पूर्ण भरले आणि नंतर निस्तरताना हैराण झाले.

सोसायटी रजिस्ट्रेशनचं विचारलं, "पझेशननंतर बघू" म्हणाले. त्यावर वेगळं बोलू.

पुढचा कॉल 7 डिसेंबर, रविवार, 11 वाजता, मालकांना आणायचं कबूल केलंय. वरचे सगळे मुद्दे मी आज दुपारी सीआरएमच्या ईमेलवर पाठवले आणि चुकीचं काही असेल तर दोन दिवसांत कळवा असं लिहिलंय, म्हणजे कॉल रेकॉर्डवर येईल. डिमांड लेटरला द्यायच्या उत्तराचा मसुदा काका उद्या रात्रीपर्यंत इथे टाकतायत, तोपर्यंत कोणी घाईत चेक देऊ नका. आणि साइटवर जाऊन आलेल्यांनी फ्लॅट नंबरसकट फोटो इथेच टाका, ए विंगचे 9, 10 आणि 11 मजल्यांचे अजून एकाचेही आलेले नाहीत.