निवृत्तिवेतन व उपदान नऊ महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित असल्याबाबत तक्रार अर्ज

दिनांक : 12 मार्च 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
निवृत्तिवेतन तक्रार निवारण कक्ष,
विभागीय कार्यालय, पुणे

विषय : दि. 31 मे 2024 रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होऊनही निवृत्तिवेतन प्रस्ताव महालेखापाल कार्यालयास सादर न झाल्याबाबत.

संदर्भ : 1) कार्यालयाकडील नस्ती क्र. आस्था-2/निवे/प्र.क्र.114/2023
2) माझे अर्ज दि. 12 ऑगस्ट 2024 (आवक क्र. 2871) व दि. 3 फेब्रुवारी 2025 (आवक क्र. 402)

महोदय,

मी, श्रीमती सुनंदा रामचंद्र खरात, दि. 4 जून 1990 रोजी शासकीय सेवेत रुजू झाले आणि वरिष्ठ लिपिक पदावरून दि. 31 मे 2024 रोजी निवृत्त झाले. शेवटचे मूळ वेतन रु. 58,600 होते. भविष्य निर्वाह निधी व रजा रोखीकरणाची रक्कम मिळाली आहे. निवृत्तिवेतन, उपदान आणि अंशराशीकरण यांपैकी मात्र एक रुपयाही आजवर मिळालेला नाही. माझ्या शेवटच्या कार्यालयाचे नाव व सेवेचा तपशील सोबतच्या प्रपत्रात आहे.

निवृत्तिवेतनाचे सर्व नमुने, पतीसोबतचे संयुक्त छायाचित्र, नामनिर्देशन आणि बँक तपशील मी दि. 18 ऑक्टोबर 2023 रोजी आस्थापना शाखेत दिले व पोच घेतली. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे ही तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी, म्हणजे सेवापुस्तकातील उणिवा वेळेत कळतात. प्रत्यक्षात सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले ते दि. 22 एप्रिल 2024 रोजी, निवृत्तीला जेमतेम सव्वा महिना उरलेला असताना. दि. 13 मे रोजी ते दोन आक्षेपांसह परत आले : दि. 1 जानेवारी 2006 च्या वेतननिश्चितीचा विकल्प चिकटवलेला नाही, आणि दि. 1 नोव्हेंबर 1996 ते 30 जून 1997 या काळाची सेवा पडताळणीची नोंद नाही.

दोन्ही नोंदी कार्यालयाने त्या त्या वेळी घ्यायच्या होत्या. तरीही विकल्पाची माझ्याकडील प्रत आणि 1996-97 च्या वेतनचिठ्ठ्या मी दि. 12 ऑगस्ट 2024 च्या अर्जासोबत दिल्या. वेतन देयकांवरून ही नोंद घेणे हे एका बैठकीचे काम. ती दि. 9 सप्टेंबर रोजी झाली, पण सेवापुस्तक पथकाकडे पुन्हा पाठवायला 3 डिसेंबर उजाडला. दि. 17 जानेवारी 2025 रोजी पडताळणी पूर्ण होऊन सेवापुस्तक परत आले आहे. ना-चौकशी व ना-देय प्रमाणपत्रेही नस्तीत लागलेली आहेत.

आता सांगितले जाते की वेतननिश्चितीत रु. 46,380 अतिप्रदान झाले असून त्याचा निर्णय होईपर्यंत प्रस्ताव पाठवता येणार नाही. हे कारण मला मुळीच मान्य नाही. मी वर्ग-3 ची कर्मचारी होते आणि निश्चिती कार्यालयानेच केली होती. अशा वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा दि. 18 डिसेंबर 2014 चा रफिक मसीह प्रकरणातील निर्णय विचारात घ्यावा लागेल. वसुली निघतेच असे क्षणभर धरले तरी ती रक्कम प्रस्तावात दाखवून उपदानापुरती राखून ठेवता येते. साडेसेहेचाळीस हजारांच्या आतल्या वादासाठी रु. 14 लाखांचे उपदान आणि दरमहाचे निवृत्तिवेतन अडवण्यास कोणताही आधार नाही.

प्रस्तावाला वेळ लागणार हे मे 2024 मध्येच स्पष्ट झाले होते. नियम 126 नुसार तात्पुरते निवृत्तिवेतन याच परिस्थितीसाठी आहे. ते जूनपासून सुरू झाले असते तर आजची वेळ आली नसती. मूळ वेतनाच्या निम्मे, म्हणजे दरमहा रु. 29,300 धरले, तर जून 2024 ते फेब्रुवारी 2025 या नऊ महिन्यांचे महागाई वाढ सोडून रु. 2,63,700 थकले आहेत. याहून गंभीर बाब अशी की कुटुंब निवृत्तिवेतनाची नोंदही निवृत्तिवेतन प्रदान आदेशावरच असते. तो निघालेला नसताना माझे काही बरेवाईट झाले, तर माझ्या पतींना हीच सगळी कागदपत्रे घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

तरी आपणांस विनंती आहे की, प्रस्ताव सात दिवसांत महालेखापाल कार्यालयास सादर करून त्याचा जावक क्रमांक व दिनांक मला लेखी कळवण्याचे निर्देश द्यावेत. अंतिम आदेश येईपर्यंत दि. 1 जून 2024 पासूनचे तात्पुरते निवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू करावे. उपदानावर तीन महिन्यांपलीकडील विलंबाचे (नियम 129-अ) आणि निवृत्तिवेतनावर सहा महिन्यांपलीकडील विलंबाचे (नियम 129-ब) व्याज मंजूर करावे, तसेच एप्रिल 2024 पर्यंत सेवापुस्तक का पाठवले नाही आणि सप्टेंबर ते डिसेंबर ते कोणाकडे पडून होते, याची जबाबदारी निश्चित करावी. सुनावणी ठेवल्यास मूळ पोचपावत्यांसह हजर राहीन.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
श्रीमती सुनंदा रामचंद्र खरात
सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, सातारा

सोबत : सेवेच्या तपशिलाचे प्रपत्र, दि. 18 ऑक्टोबर 2023 ची पोच, संदर्भ 2 मधील दोन्ही अर्ज, आक्षेपपत्राची प्रत, विकल्पाची प्रत, 1996-97 च्या वेतनचिठ्ठ्या, सेवापुस्तकातील पडताळणी शिक्क्याच्या पानाची छायाप्रत.